मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजींना थेंब टाकायला कसं शिकवू? नर्सिंगच्या असाइनमेंटसाठी मदत हवी आहे

पूर्वा_नर्सिंग

नमस्कार. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या नेत्रविभागात पोस्टिंग आहे. एका पेशंटला हेल्थ टीचिंग देऊन त्याचं असाइनमेंट लिहायचं आहे. माझ्या पेशंट ७२ वर्षांच्या आजी आहेत. आज सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्याचं फेको ऑपरेशन झालं, टाका घातलेला नाही. त्या एकट्या राहतात, मुलगी रोज संध्याकाळी येऊन जाते. बोटांत संधिवात आहे आणि ऐकायला थोडं कमी येतं.

मी चौदा मुद्द्यांचा तक्ता केला होता. हात धुणे, थेंब, डोळा न चोळणे, पाणी न जाऊ देणे, काळा चष्मा, जड न उचलणे, झोपताना शील्ड, धोक्याची लक्षणं वगैरे. डिस्चार्जच्या आधी अर्धा तास बसून सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "आजी, समजलं ना?" त्या म्हणाल्या, "हो बाळा, सगळं समजलं." म्हणून मूल्यमापनाच्या रकान्यात मी लिहिलं, "पेशंटला माहिती समजली."

ट्यूटर मॅडमनी त्या वाक्याभोवती लाल पेनने गोल काढून एकच शब्द लिहिलाय : "कशावरून?"

उद्या सकाळी आजी पट्टी काढायला येणार आहेत, तेव्हा पुन्हा भेटता येईल. चौदातले कोणते मुद्दे ठेवू? आणि त्या "कशावरून"चं उत्तर कसं लिहू?

---

विनायक६०

माझ्या मोठ्या भावाला मोतीबिंदू आहे, पण तो अजून पिकला नाही असं तो म्हणतो. पिकेपर्यंत थांबलेलं बरं की आधीच करून घ्यावं?

---

सुमन_सिस्टर

विनायकजी, धागा ऑपरेशननंतरच्या काळजीचा आहे, तरी थोडक्यात सांगते. पिकायची वाट पाहायची पद्धत जुनी झाली. रोजच्या कामात अडचण यायला लागली की डॉक्टर करायला सांगतात. फार पिकून कडक झालेला मोतीबिंदू काढायला उलट अवघड जातो. भावाला एकदा दाखवून घ्या.

पूर्वा, मी बावीस वर्षं नेत्रविभागात काम केलं. तुझ्या मॅडमनी अगदी योग्य जागी बोट ठेवलंय. आधी एक सांग, तू शिकवत होतीस तेव्हा आजींच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती ना?

---

पूर्वा_नर्सिंग

हो. आणि चष्मा पिशवीत होता.

---

सुमन_सिस्टर

मग विचार कर. सकाळपासून दवाखान्यात बसून थकलेली बाई, एक डोळा बंद, दुसऱ्यावर चष्मा नाही, ऐकू कमी येतंय. तू तिला उद्यापासून टाकायच्या थेंबांबद्दल तोंडी सांगतेस आणि तिच्या हातात बाटलीसुद्धा नाही. "समजलं का" या प्रश्नाला म्हातारी माणसं हो म्हणतात, कारण समोरच्या पोरीचा वेळ जातोय याचा त्यांना संकोच वाटतो. तो होकार सौजन्याचा असतो.

खरं तर थेंबांचा सराव ऑपरेशनच्या आधीच करून घ्यायचा असतो. आमच्याकडे तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना विचारून साध्या वंगणाच्या थेंबांवर करून घ्यायचो. तुझ्या हातात आता उद्याची सकाळ आहे. उद्या एकही सूचना देऊ नकोस. पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी बघून थेंब सुरू करायला सांगितले की बाटली आजींच्या हातात दे आणि म्हण, "आजी, घरी तुम्ही कसा टाकाल ते मला एकदा दाखवा." मग गप्प बसून बघ. फक्त बाटलीचं टोक डोळ्याला लागतंय असं वाटलं तर हात धर. जे दिसेल ते जसंच्या तसं लिही. तुझं असाइनमेंट तिथून सुरू होईल.

---

राजाभाऊ_के

माझं गेल्या वर्षी झालं, त्यामुळे अनुभवाने सांगतो. एक थेंब अर्धा बाहेरच सांडतो, म्हणून आजींना दोन-दोन टाकायला सांगा. टाकल्यावर डोळ्यांची भराभर उघडझाप करायची, म्हणजे औषध सगळीकडे पसरतं. आणि दुखायला लागलं तर लगेच दाखवायचं. बाकी फार घाबरायचं कारण नाही.

---

औषधी_पान

राजाभाऊ, मी फार्मासिस्ट आहे. दोन थेंबांचं गणित जुळत नाही. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्याच्या खोबणीत फार फार तर ३० मायक्रोलिटर मावतात. म्हणजे पहिल्या थेंबालाच डोळा भरून वाहतो. दुसरा लगेच टाकला तर तो पहिल्याला घेऊन गालावर येतो, आणि बाटली महिन्याऐवजी पंधरा दिवसांत संपते. सांडतंय म्हणजे कमी पडलं असं वाटतं, तसं नसतं.

उघडझापेचंही उलटच आहे. दर उघडझापेला थेंब नाकाकडच्या बारीक नळीत ढकलला जातो आणि घशात कडवट चव येते. थेंब पडला की डोळा अलगद मिटून एक-दोन मिनिटं तसंच बसायचं. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट हलकं टेकवलं तर आणखी चांगलं, पण बोट नाकाच्या हाडाकडे दाबायचं. बुबुळावर दाब नको, ताजी जखम आहे.

दोन वेगळी औषधं असतील तर मधे निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची. आणि दुधाळ दिसणारं स्टेरॉइडचं औषध असेल तर ते हलवूनच टाकायचं. औषध तळाशी बसलेलं असतं. न हलवता टाकलं तर सुरुवातीचे दिवस नुसतं वरचं पाणी जातं.

---

राजाभाऊ_के

पहिल्या दोन्ही गोष्टी मान्य. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. माझी बाटली खरंच लवकर संपली होती आणि मी दुसरी आणली होती. पण दुखण्याचं तर बरोबर आहे ना?

---

मीरा_अ

राजाभाऊ, तेवढ्यासाठीच लिहायला बसले आहे.

माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. घरी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, "डोळा खूप दुखल्यास त्वरित संपर्क साधा." दुसऱ्या दिवशी त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की पांढरा रंग निळसर वाटतोय म्हणून ते लहान मुलासारखे सगळ्यांना सांगत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "आज जरा धुकं वाटतंय." डोळा थोडा लाल होता, पण तो आदल्या दिवशीही होताच. मी विचारलं, "दुखतंय का?" ते म्हणाले, "नाही." मी कागद काढून वाचला. दुखत नव्हतं, म्हणून आम्ही थांबलो. पाचव्या दिवशी धुकं वाढलं. त्यांना वाटलं नवीन भिंगाची डोळ्याला सवय होतेय. सहाव्या दिवशी त्यांना माझ्या हाताची बोटं मोजता येईनात, तेव्हा आम्ही धावलो.

डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला होता. त्याच दिवशी डोळ्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, नंतर आणखी एक. डोळा वाचला, पण वाचता येण्याइतकी नजर परत आली नाही. चौथ्या दिवशी आला असतात तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला आजही झालेलं नाही.

पूर्वा, तुझ्या चौदा मुद्द्यांमध्ये "धोक्याची लक्षणं" असा मुद्दा आहे. त्यात पहिला शब्द कोणता लिहिला आहेस ते कृपया बघ.

---

पूर्वा_नर्सिंग

ताई, वाचून हात थांबले. आत्ता बघितलं. मी लिहिलंय, "तीव्र वेदना, लालसरपणा, स्राव, दृष्टी कमी होणे." वेदना पहिली आणि दृष्टी शेवटी.

---

डॉ_नेत्रा

मी नेत्रशल्यचिकित्सक आहे. मीराताईंनी जे लिहिलंय ते अपवाद म्हणून सोडून देण्यासारखं नाही. या संसर्गावर अमेरिकेत झालेला मोठा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना वेदना नव्हत्याच. नजर धूसर झाल्याची तक्रार मात्र दहातल्या नऊहून जास्त जणांची होती. म्हणजे एकच लक्षण शिकवायला वेळ असेल, तर ते नजरेचं शिकवायला हवं.

हा संसर्ग क्वचितच होतो, हजारात एखाद्याला किंवा त्याच्या आसपास. पण बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच होतो आणि त्यात तास मोजावे लागतात. आजींना घाबरवायचं नाही, पण एक ओळ पक्की बसवायची. ऑपरेशननंतर नजर दिवसागणिक सुधारते किंवा तशीच राहते. कालपेक्षा आज कमी दिसलं, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी यायचं. रविवार असला तरी.

खुपल्यासारखं वाटणं, पाणी येणं, उजेड टोचणं, किंचित लाली हे पहिले काही दिवस चालतं, पण रोज कमी होत गेलं पाहिजे. वाढत गेलं तर दाखवायचं. आणखी एक, विजेसारखे लखलखाट, अचानक खूप काळे ठिपके किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं तर तो डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा आजार असू शकतो. त्यासाठीही त्याच दिवशी यायचं. हे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही होऊ शकतं.

---

सुमन_सिस्टर

डॉक्टर, "कालपेक्षा कमी" हे म्हाताऱ्या माणसाला ठरवता यावं म्हणून आम्ही एक खूण देत असू. घरातली एक ठरलेली वस्तू निवडायची, समजा भिंतीवरचं कॅलेंडर. रोज सकाळी त्याच खुर्चीत बसायचं, ऑपरेशन न झालेला डोळा तळव्याने न दाबता झाकायचा आणि कॅलेंडरवरचा मोठा आकडा वाचायचा. काल वाचला तो आज वाचता आला की झालं. दुसरा डोळा झाकणं फार महत्त्वाचं आहे. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाचं झाकून ठेवतो आणि माणसाला दोन-दोन दिवस पत्ता लागत नाही.

---

मीरा_अ

वडिलांच्या बाबतीत हेच झालं असणार. ते दोन्ही डोळ्यांनी टीव्ही बघत होते.

---

अनंत_वाचक

पण वाकण्याचं कोणी बोलतच नाहीये. आमच्या आईला चाळीस दिवस वाकू दिलं नव्हतं, डोक्यावरून पाणी नाही, एका कुशीवर झोपणं नाही. तेव्हा कुठे डोळा चांगला राहिला. आताची मंडळी दुसऱ्या दिवशी फिरायला जातात, मला ते पटत नाही. पथ्य कडक असलेलं केव्हाही चांगलं.

---

डॉ_नेत्रा

अनंतराव, तुमच्या आईंचं ऑपरेशन कधी झालं यावर ते अवलंबून आहे. पूर्वी दहा-बारा मिलिमीटरचा छेद घेऊन टाके घालत, तेव्हा चाळीस दिवस ठीकच होते. आता फेकोत छेद २ ते ३ मिलिमीटरचा असतो आणि तो आपोआप बसतो. हाताने करतात त्या लहान छेदाच्या पद्धतीत तो ६-७ मिलिमीटरचा असतो, तिथे मी थोडी जास्त काळजी सांगते. फेकोनंतर बूट घालायला वाकल्याने डोळा बिघडत नाही. जड उचलणं आणि कुंथणं मी एक-दोन आठवडे टाळायला सांगते. माझे काही सहकारी तेही सांगत नाहीत, काही महिनाभर सांगतात. याबाबतीत सगळ्यांचं एकमत नाही. म्हणून पूर्वाने आपल्या सर्जनना विचारून तेच लिहावं.

अस्वच्छ पाणी डोळ्यात न जाऊ देणं, डोळा न चोळणं आणि रात्री शील्ड लावणं, निदान पहिला आठवडा, याबाबत मात्र फारसे मतभेद नाहीत. झोपेत हात कुठे जातो ते माणसाला कळत नाही.

---

अनंत_वाचक

वीस वर्षांपूर्वी झालं होतं, टाके होते हे खरं. तरी पथ्य जास्त पाळल्याने नुकसान काय होतं?

---

सुमन_सिस्टर

दादा, नुकसान होतं. ज्याला पंधरा "नाही" सांगितले, तो त्यातला सर्वांत भीतिदायक वाटणारा एक पाळतो आणि बाकी सोडून देतो. मी असे आजोबा पाहिलेत, मान ताठ ठेवून लाकडासारखे बसलेले, आणि थेंब मात्र तीन दिवस टाकलेले नाहीत. का, तर थेंब टाकायला मान मागे करावी लागते आणि मान हलवायची नाही असं त्यांनी ऐकलं होतं.

---

पूर्वा_नर्सिंग

आज सकाळी आजी आल्या. सुमनताईंनी सांगितलं तसंच केलं. जे दिसलं ते लिहिते.

आजींनी हात धुतले नाहीत. झाकण उघडायला दातांची मदत घेतली, कारण बोटांनी फिरेना. मान मागे करून बाटली डोळ्यासमोर धरली, पण जवळचं दिसत नसल्याने टोक कुठे आहे ते त्यांना कळत नव्हतं. अंदाज यावा म्हणून त्यांनी बाटली खाली आणत आणत टोक पापणीच्या केसांवर टेकवलं. मी बोलायच्या आत दाबलं. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा भुवईवर, तिसरा डोळ्यात गेला. लगेच रुमालाच्या टोकाने डोळा पुसला. मग माझ्याकडे बघून प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, "जमलं की!"

काल मी यांच्यापुढे लिहिलं होतं, "पेशंटला माहिती समजली."

मला आत्ता वाईट वाटतंय, पण पुढे काय करू तेही समजत नाही. हाताची बोटंच वळत नाहीत, तिथे तंत्र कसं शिकवू?

---

औषधी_पान

पूर्वा, यात आजींचा दोष नाही. २०१४ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, आधी कधी थेंब न वापरलेल्या ५४ जणांना थेंब टाकायला लावून पाहिलं होतं. ९२ टक्क्यांहून जास्त जणांची पद्धत कुठे ना कुठे चुकली. निम्म्याहून जास्त जणांनी बाटलीचं टोक टेकवलं आणि जवळजवळ एक तृतीयांश जणांचा थेंब डोळ्यात पडलाच नाही. आजींनी जे केलं ते बहुतेक जण करतात.

झाकणाचं सोपं आहे. मुलगी संध्याकाळी येते तेव्हा तिने झाकण नुसतं टेकवल्यासारखं सैल लावून ठेवायचं. बाटली उभीच ठेवायची. दात अजिबात नकोत.

---

सुमन_सिस्टर

आता ऐक, बोटं वळत नाहीत त्यांच्यासाठी. आजींना गादीवर उताणं झोपव, डोक्याखाली पातळ उशी. मान मागे करून बसण्यापेक्षा झोपणं केव्हाही बरं, हात थरथरत नाही आणि पाठही दुखत नाही. डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी गालाच्या हाडाकडे खाली ओढायची, म्हणजे एक खोबण तयार होते. उजव्या हातात बाटली चिमटीत धरायला सांगू नकोस, पूर्ण मुठीत धरू दे. मग ती मूठ डाव्या हातावर टेकवायची. दोन्ही हात एकमेकांना टेकले की टोक डोळ्यापासून बोटभर अंतरावर आपोआप थांबतं, खाली येत नाही. वर छताकडे बघायचं आणि दाबायचं.

बाटली थंड असेल तर थेंब पडल्याचं कळतं आणि दुसरा-तिसरा टाकायची वेळ येत नाही. पण तुमच्या औषधाला फ्रिज चालतो का ते बाटलीवर वाचून घे, सगळ्यांना चालत नाही.

तरीही नाही जमलं तर डोळा मिटून, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि मग डोळा उघडायचा, थेंब आत घरंगळतो. ज्यांना टोक बघून भीती वाटते त्यांना हे जमतं.

---

डॉ_नेत्रा

ताई, शेवटच्या पद्धतीबाबत माझं थोडं वेगळं मत आहे. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात मी ती सुचवत नाही. कोपऱ्यात रात्रीची चिपड आणि त्वचेवरचे जंतू असतात, ते धुतले जाऊन आत जातात. करायचीच असेल तर आधी उकळून थंड केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून, पिळून, नाकाकडून कानाकडे एकदा पुसायचं आणि तो कापूस टाकून द्यायचा. परत त्यानेच पुसायचं नाही.

---

सुमन_सिस्टर

पुसून घ्यायचं तर आलंच. पण ज्यांचा थेंब एरवी डोळ्यात जातच नाही, त्यांना हा मार्ग बंद करू नये असं मला वाटतं. औषध न जाण्याचा धोका मला जास्त मोठा वाटतो.

---

डॉ_नेत्रा

तोही मुद्दा आहे. अशा पेशंटसाठी मी पहिला आठवडा दुसऱ्या कुणीतरी थेंब टाकावा असं बघते.

---

प्राजक्ता_मुलगी

इथे मी बोलू का? मी आईकडे रोज जाऊन थेंब टाकत होते, दिवसातून चार वेळा. नोकरी सांभाळून चौथ्या दिवशी मी रडकुंडीला आले. शेवटी दुपारचे दोन आई स्वतः टाकायची, सकाळ-संध्याकाळ मी. तिच्या दुपारच्या वेळा चुकायच्या आणि ती मला सांगायची नाही, मला त्रास नको म्हणून. दोन आठवड्यांनी डोळा छान वाटतोय म्हणून आम्ही सगळंच बंद केलं. तीन-चार दिवसांत डोळा पुन्हा लाल झाला, उजेड सहन होईना. डॉक्टर म्हणाले सूज परत आलीय, स्टेरॉइड अचानक बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करायचं असतं. आम्हाला वाटलं होतं अँटिबायोटिकसारखं ते संपलं की संपलं.

---

औषधी_पान

प्राजक्ताताई, हा घोटाळा फार घरांत होतो, कारण दोन्ही बाटल्या एकाच दिवशी मिळतात आणि वेगवेगळ्या दिवशी संपवायच्या असतात. पूर्वा, तुझ्या आजींच्या चिठ्ठीत काय आहे?

---

पूर्वा_नर्सिंग

अँटिबायोटिक दिवसातून चार वेळा, एक आठवडा. स्टेरॉइड पहिल्या आठवड्यात चार वेळा, मग तीन, मग दोन, मग एक, असे चार आठवडे.

---

औषधी_पान

मग मोजूया. अँटिबायोटिकचे २८ थेंब. स्टेरॉइडचे २८, २१, १४ आणि ७, म्हणजे एकूण ७०. मोठ्या कागदावर ७० चौकोन काढ, प्रत्येक आठवड्याची वेगळी ओळ, आणि थेंब टाकला की आजींनी चौकोनावर फुली मारायची. अँटिबायोटिकचे २८ वेगळ्या कागदावर. पहिला आठवडा संपला की तो कागदच फाडून टाकायचा आणि बाटली मुलीने घेऊन जायची. आठवड्याला एक वेळ कमी होते हे डोक्यात ठेवावं लागत नाही, चौकोनच कमी झालेले दिसतात.

दोन्ही बाटल्या आजींना सारख्याच दिसत असतील. स्टेरॉइडच्या बाटलीला रबरबँड गुंडाळ. हाताला लागलं की "ही हलवायची" हे लक्षात राहील. झाकणाच्या रंगावर विसंबू नकोस, झाकणं अदलाबदल होतात. आणि कानाचे थेंब, जुने डोळ्याचे थेंब असं जे काही त्या कपाटात असेल ते मुलीला दुसरीकडे ठेवायला सांग.

---

राजाभाऊ_के

फुल्यांचा कागद मला आधी मिळायला हवा होता. मी घड्याळ बघून टाकायचो आणि टाकला की नाही हेच विसरायचो. मग शंका आली की पुन्हा एक.

---

पूर्वा_नर्सिंग

आज संध्याकाळी मुलगी कामावरून परस्पर वॉर्डात आली होती, तेव्हा दोघींना एकत्र बसवलं. आजींना झोपवून मुठीने बाटली धरायला लावली. पहिल्या वेळी मूठ घसरली. दुसऱ्या वेळी टोक लांब राहिलं, पण थेंब पापणीवर पडला. तिसऱ्या वेळी थेट खोबणीत पडला, एकच. मी पुसायला रुमाल दिला नाही, डोळा मिटून साठ आकडे मोजायला सांगितलं. आजींनी मोठ्याने मोजले. शेजारच्या कॉटवरचे आजोबाही त्यांच्याबरोबर मोजत होते.

सराव वंगणाच्या थेंबावर, डाव्या डोळ्यात केला, डॉक्टरांना विचारून. उजव्यात फक्त एकदा, ठरलेल्या वेळचा औषधाचा थेंब त्यांनी स्वतः टाकला.

मग मी विचारलं, "आजी, समजा गुरुवारी सकाळी उठलात आणि कॅलेंडर पुसट दिसलं, पण दुखत काहीच नाहीये. तुम्ही काय कराल?" त्या म्हणाल्या, "दोन दिवस बघीन, मग मुलीला सांगीन." हे माझं सगळं सांगून झाल्यावर. पुन्हा सांगितलं, पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "लगेच फोन करीन. पण ती कामावर असते गं." मग मुलीनेच त्यांचा हात धरून सांगितलं, "आई, कामावर असले तरी कर." वॉर्डाचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून कॅलेंडरच्या शेजारी लावायला दिलाय.

चौदा मुद्द्यांतून आता चार ठेवलेत. थेंब, नजर रोज तपासणं, न चोळणं आणि शील्ड, आणि कधी फोन करायचा. बाकीचं छापील कागदावर मोठ्या अक्षरात देते. मूल्यमापनात असं लिहिलंय :

"पहिल्या प्रयत्नात : हात धुतले नाहीत, टोक पापणीला लागले, तीनपैकी एक थेंब डोळ्यात, रुमालाने पुसले. शिकवल्यानंतर तिसऱ्या प्रयत्नात : सांगितल्यावर हात धुतले, टोक लागले नाही, एक थेंब खोबणीत, एक मिनिट डोळा मिटला. नजर कमी झाल्यास काय कराल : पहिले उत्तर चुकीचे, दुसरे बरोबर. झाकण स्वतः उघडता येत नाही, मुलगी सैल करून ठेवणार. हात धुण्याची आठवण अजून करून द्यावी लागते."

शेवटचं वाक्य ठेवू की काढू? ते वाचून माझं शिकवणं अपुरं राहिलं असं दिसतंय.

---

सुमन_सिस्टर

ठेव. पुढच्या तपासणीला जी सिस्टर ड्युटीवर असेल, ती तेच वाक्य वाचून आजींना आधी बेसिनकडे नेईल.

---

मीरा_अ

आणि पूर्वा, गुरुवारचा तो प्रश्न आजींना पुढच्या वेळी परत एकदा विचार. पुन्हा "दोन दिवस बघीन" म्हणाल्या तर पुन्हा सांग.

---

पूर्वा_नर्सिंग

ताई, विचारणार. आठव्या दिवशी त्या येणार आहेत. पण संसर्ग पहिल्या आठवड्यातही होऊ शकतो म्हणताय, तर तोवर थांबत नाही. परवा मुलीच्या फोनवर आजींशी बोलते.